व्हीयूजेपाशी अडकलेला 5 मिमीचा खडा: किती थांबायचं, कधी थांबायचं नाही

प्रश्न: वय 41. चार दिवसांपूर्वी डाव्या कुशीत असह्य कळ आली. त्या रात्रीच्या सोनोग्राफीत ‘डाव्या किडनीत 8 मिमीचा खडा, मध्यम हायड्रोनेफ्रोसिस’ असं आलं. दुसऱ्या दिवशी सीटी केला, तर त्यात ‘डाव्या व्हीयूजेपाशी 5 × 4 × 7 मिमीचा खडा, सौम्य हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस, खालच्या कॅलिक्समध्ये 6 मिमीचा खडा’ असं लिहिलंय. ताप नाही, क्रिएटिनिन 1.2. कालपासून दुखणं जवळपास थांबलंय, पण सारखी लघवीला लागते. एक डॉक्टर म्हणतात लगेच काढून टाका, दुसरे म्हणतात थांबा. 8 मिमीचा खडा एका दिवसात 5 चा कसा झाला? आणि तो आपोआप पडेल का?

उत्तर: पडण्याची शक्यता चांगली आहे. या मापाचा आणि व्हीयूजेपाशी, म्हणजे मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते त्या जागेपाशी, आलेला खडा तिघांपैकी दोघांचा तरी दुर्बीण न घालता पडतो. तुमच्या सीटीवरून आणि लक्षणांवरून मी चार आठवड्यांपर्यंत थांबायला तयार झालो असतो. मात्र त्याला काही अटी आहेत, त्या पुढे लिहितो. खालच्या कॅलिक्समधल्या 6 मिमीच्या खड्याचा या कळेशी संबंध नाही, त्याचा विचार सध्या बाजूला ठेवा.

आधी 8 चं 5 कसं झालं ते पाहू, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. खडा लहान झालेला नाही. सोनोग्राफीने आणि सीटीने वेगवेगळे खडे मोजले आहेत. सोनोग्राफीत किडनी छान दिसते, भरलेलं मूत्राशयही दिसतं, पण त्या दोघांमधली पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची मूत्रवाहिनी आतड्यांच्या मागे असते. आतड्यांतल्या वायूतून ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत. त्यामुळे कळ आणणारा खडा मूत्रवाहिनीत असला, तरी सोनोग्राफी करणाऱ्याला बरेचदा एवढंच दिसतं की किडनी फुगली आहे, म्हणजे हायड्रोनेफ्रोसिस आहे, आणि किडनीत एक खडा आहे. रिपोर्टात या दोन गोष्टी एकाच ओळीत येतात. वाचणारा साहजिकच समजतो की याच खड्यामुळे किडनी फुगली. खालच्या कॅलिक्समध्ये, म्हणजे किडनीच्या तळाच्या कोपऱ्यात, निवांत बसलेला खडा अख्खी किडनी फुगवू शकत नाही. तो वाटेत आडवा आलेलाच नसतो. किडनी फुगलेली आहे आणि खडा मात्र नुसता कॅलिक्समध्ये दिसतोय, असा रिपोर्ट हातात आला की खरा खडा खाली कुठेतरी आहे असं धरून चालावं. तुमच्या बाबतीत सीटी करायला सांगणाऱ्याने हेच ओळखलं.

मग 8 आणि 6 यांत फरक का? सोनोग्राफी लहान खडे मोठे दाखवते. खड्याची कड ध्वनिलहरींमध्ये पसरट उमटते, आणि मापाचे दोन बिंदू पडद्यावर हाताने ठेवावे लागतात. एक-दोन मिलिमीटरची वाढ नेहमीची आहे. मोठ्या खड्यात तेवढ्याने काही बिघडत नाही. पण 4 चा 6 झाला किंवा 5 चा 7 झाला, तर उपचाराचा सल्लाच बदलतो. म्हणून मूत्रवाहिनीतल्या खड्याबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर मी कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटीतलं माप धरतो. सोनोग्राफीचं माप फक्त संशय घेण्यापुरतं. गरोदर स्त्रिया आणि मुलं यांच्या बाबतीत किरणोत्सर्ग टाळण्यासाठी सोनोग्राफीवरच जास्तीत जास्त भागवावं लागतं, तो भाग वेगळा.

आता सीटीतल्या तीन आकड्यांकडे वळू. 5 × 4 × 7 यांतले पहिले दोन आडव्या छेदातले आहेत आणि 7 ही उभी लांबी. मूत्रवाहिनीत खडा बहुतेक वेळा स्वतःची लांबी नळीच्या दिशेने लावून घेतो, म्हणजे नळीला खरा ताण देते ती त्याची रुंदी. तुमचा खडा 7 मिमी लांब असला तरी वाट मागतोय ती 4 ते 5 मिमीची. नळीची आतली पोकळी एरवी तीन-चार मिमी असते, पण ती ताणली जाते. 7 मिमी रुंद, गोल खडा आणि 5 मिमी रुंद, 7 मिमी लांब खडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टाच्या शेवटी असलेल्या निष्कर्षात मात्र अनेकदा सर्वांत मोठा आकडा एकटाच उचलून ‘7 मिमीचा खडा’ असं लिहिलेलं असतं. ‘लगेच काढा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या समोर कदाचित तोच आकडा असेल. मी रिपोर्टावर न थांबता फिल्म किंवा सीडी मागतो, ती यासाठीच. पडद्यावर हाडं पाहण्यासाठी जी सेटिंग वापरतात त्या सेटिंगमध्ये खडा मोजला तर त्याच्या कडा नीट दिसतात. एरवीच्या सेटिंगमध्ये तो चमकून थोडा फुगीर दिसतो.

पडण्याच्या शक्यतेचे आकडे मी देतो, पण ते ढोबळ आहेत हे लक्षात ठेवा. 2002 साली सीटीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे आम्ही अजून वापरतो. 2 ते 4 मिमीचे सुमारे 76 टक्के खडे आपोआप पडले, 5 ते 7 मिमीचे 60 टक्के, आणि 9 मिमीच्या पुढचे 25 टक्के. त्याच अभ्यासात जागेप्रमाणेही मोजणी केली होती. मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात अडकलेल्या खड्यांपैकी 48 टक्के पडले आणि व्हीयूजेपाशी पोहोचलेल्यांपैकी 79 टक्के. तुमच्या खड्याला आकारावरून 60 मिळतात आणि जागेवरून 79. खरी शक्यता या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि रुंदी 4 ते 5 मिमी असल्यामुळे मी ती वरच्या आकड्याकडे झुकलेली मानतो.

जागेला इतकं महत्त्व का, ते थोडं सविस्तर सांगतो. मूत्रवाहिनी सगळीकडे सारखी रुंद नसते. ती तीन ठिकाणी अरुंद होते: किडनीतून निघते तिथे, कमरेच्या खाली मोठ्या रक्तवाहिन्यांवरून वळते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. ही शेवटची जागा म्हणजे व्हीयूजे, आणि तीच सर्वांत चिंचोळी. वरच्या भागात अडकलेल्या खड्याला अजून दोन चिंचोळ्या जागा पार करायच्या असतात. तुमच्या खड्याने दोन पार केल्या आहेत, तिसरीच्या तोंडाशी तो आहे. सारखी लघवीला लागणं, थेंब-थेंब होणं, लघवीच्या शेवटी आग होणं ही याच जागेची लक्षणं. खडा मूत्राशयाच्या भिंतीला डिवचतो आणि मूत्राशय भरल्यासारखं वाटतं. पुष्कळ लोक याला जंतुसंसर्ग समजतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात. लघवीची तपासणी केल्याशिवाय तसं करू नका. अर्थात ती तपासणी करून घ्याच, कारण तुंबलेल्या लघवीत खरंच संसर्ग झाला तर सगळं गणित बदलतं.

व्हीयूजेच्या बाबतीत सीटीत दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे ओटीपोटातल्या शिरांमध्ये कॅल्शियमचे बारीक गोल ठिपके असतात, त्यांना फ्लेबोलिथ म्हणतात. चाळिशीनंतर ते सर्रास दिसतात आणि खड्यासारखेच पांढरे असतात. खऱ्या खड्याभोवती मात्र मूत्रवाहिनीच्या सुजलेल्या भिंतीचं करडं कडं दिसतं आणि वरची मूत्रवाहिनी थेट त्या ठिपक्यापर्यंत फुगलेली असते. तुमच्या रिपोर्टात ‘हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस’ आहे, म्हणजे किडनीसोबत मूत्रवाहिनीही फुगलेली होती, त्यामुळे ही शंका फारशी उरत नाही. दुसरी फसगत अधिक गंमतीची आहे. सीटी उताणं झोपवून करतात. खडा मूत्राशयात पडलेला असला तरी तो मागच्या भिंतीवर, नेमका व्हीयूजेच्या जवळपास येऊन बसू शकतो. अशा वेळी पेशंटला पालथं झोपवून तेवढ्याच भागाचे काही छेद पुन्हा घेतले की उलगडा होतो: खडा पुढे घरंगळला तर तो मूत्राशयात आहे, जागचा हलला नाही तर अजून अडकलेला आहे. हे केलं नसेल तर आता पुन्हा सीटी करायची गरज नाही. भरल्या मूत्राशयाने सोनोग्राफी करा. खडा जिथे अडकलाय ती जागा भरलेल्या मूत्राशयामागून दिसते, आणि कूस बदलायला लावून खडा हलतो का तेही तिथल्या तिथे पाहता येतं. सोनोग्राफी या एका ठिकाणी सीटीच्या जवळपास काम करते.

हायड्रोनेफ्रोसिस या शब्दाने लोक सर्वांत जास्त घाबरतात. लघवी पुढे सरकत नाही, किडनीतला तिचा साठवण्याचा भाग ताणला जातो, एवढाच त्याचा अर्थ. कळ आलेल्या माणसात तो दिसणं अपेक्षितच आहे. पहिल्या काही तासांत कधी कधी तो दिसतही नाही. ‘सौम्य’ आणि ‘मध्यम’ यांमधली रेघ पाहणाऱ्याच्या नजरेवर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय सोनोग्राफीआधी भरपूर पाणी पाजून मूत्राशय गच्च भरलेलं असेल, तर नुसत्या तेवढ्यानेही किडनी थोडी फुगलेली दिसते. म्हणून रात्री ‘मध्यम’ आणि दुसऱ्या दिवशी ‘सौम्य’ यावरून खडा सरकला असा निष्कर्ष मी काढणार नाही. सरकला असेलही, पण पुरावा तेवढा नाही.

या फुगवट्याचा दोन प्रश्नांशी संबंध जोडला जातो आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत. खडा पडेल का, या प्रश्नावर फुगवटा फारसा उजेड पाडत नाही. आकार आणि जागा त्याहून कितीतरी जास्त सांगतात. किडनी किती दिवस थांबू शकते, या प्रश्नावर मात्र तो बोलतो. वाट पूर्ण बंद असेल तर साधारण दोन आठवड्यांनंतर किडनीचं काही काम कायमचं जाऊ लागतं. वाट अर्धवट बंद असेल तर चार ते सहा आठवडे बहुतेक किडन्या धड राहतात. पूर्ण की अर्धवट, हे एका फोटोतून पक्कं सांगता येत नाही. सोनोग्राफीत डॉप्लर लावला तर मूत्रवाहिनीतून मूत्राशयात येणारी लघवीची पिचकारी दिसते. डाव्या बाजूने पिचकारी येत असेल तर वाट काही प्रमाणात उघडी आहे. मोठा फुगवटा असेल, किडनीचा गर पातळ झालेला असेल, तर खडा बरेच दिवस अडकलेला आहे आणि मी थांबायला सांगत नाही. तुमचं तसं नाही.

दुखणं थांबलं, याचा आनंद जपून माना. खडा पडला म्हणून दुखणं थांबू शकतं. तो जरा सरकला, बाजूने लघवी जाऊ लागली, म्हणूनही थांबतं. आणि तो तिथेच आहे, पण अडवलेली किडनी लघवी कमी बनवू लागली आणि आतला दाब उतरला, म्हणूनही थांबतं. तिसऱ्या प्रकारात माणूस महिनोन्‌महिने कामावर जातो, त्याला काही होत नाही, आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत एका बाजूची किडनी पिशवीसारखी झालेली सापडते. म्हणून खडा हातात आला नसेल तर दुखणं नाही या कारणाने पुढची तपासणी टाळू नका. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवरही विसंबू नका. दुसरी किडनी चांगली असेल तर ती एकटी सगळा भार उचलते आणि क्रिएटिनिन जवळपास नॉर्मल राहतं. तुमचा 1.2 हा आकडा उलट्या, कमी पाणी आणि वेदनाशामकं यांनीही येऊ शकतो. आठवड्याने पुन्हा करा. पूर्वी कधी केलेलं असेल तर तो आकडाही शोधून डॉक्टरांना दाखवा. 0.8 चं 1.2 होणं आणि कायमच 1.2 असणं यांत फरक आहे.

थांबायचं म्हणजे काय करायचं? 4 मिमी आणि त्याहून मोठे जे खडे पडतात त्यांना सरासरी तीन आठवडे लागतात, आणि पडणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे चाळीस दिवसांत पडून जातात. त्यामुळे चौथ्या दिवशी ‘अजून पडला नाही’ ही तक्रार फार लवकरची आहे. लघवी बारीक जाळीतून किंवा कपड्यातून गाळा. खडा पडताना नेहमी कळतोच असं नाही. दुखलं तर डायक्लोफेनॅकसारखं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या, क्रिएटिनिन वाढत असेल तर ते बंद करून दुसरं घ्यावं लागतं. मूत्रवाहिनी सैल करणारं टॅमसुलोसिन 0.4 मिग्रॅ रात्री घ्यायला दिलं असेल तर घेऊ शकता. त्याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. 2015 साली ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. काही विश्लेषणांत 5 मिमीच्या पुढच्या, खालच्या भागातल्या खड्यांना ते थोडी मदत करतं असं दिसलं. तुमचा खडा बरोबर त्या सीमेवर आहे. मी देतो, पण उभं राहताना चक्कर येऊ शकते आणि वीर्य बाहेर न येण्याचा त्रास होऊ शकतो, हे आधी सांगून. पाणी तहानेप्रमाणे आणि लघवी फिकट राहील इतकंच प्या. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही, बंद वाटेमागचा दाब वाढून कळ मात्र वाढते.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास भरल्या मूत्राशयाने सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा. फुगवटा तेवढाच किंवा कमी असेल तर पुढचे दोन आठवडे थांबता येईल. फुगवटा वाढला, क्रिएटिनिन चढलं, तर चार आठवडे पुरे करायचा हट्ट धरू नका. चार आठवड्यांनी खडा तिथेच असेल तर काढून टाकावा. मग कमी मात्रेचा सीटी करून तो अजून तिथे आहे याची खात्री ऑपरेशनच्या आधी करून घ्यावी. आदल्या रात्री पडून गेलेल्या खड्यासाठी भूल घेणं घडतं.

आता अटी. थंडी वाजून ताप आला, अगदी 38 अंशांच्या पुढे गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालयात जा. तुंबलेल्या किडनीत संसर्ग झाला की काही तासांत तो रक्तात पसरतो, आणि अँटिबायोटिक एकटं पुरत नाही, कारण अडलेल्या किडनीत ते नीट पोहोचत नाही. त्या वेळी खडा काढण्याची घाई करत नाहीत. आधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालून किंवा पाठीतून बारीक नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर काढतात. लघवी पूर्ण बंद होणं, इंजेक्शननेही न थांबणारं दुखणं, पाणीही न टिकू देणाऱ्या उलट्या, या कारणांनीही थांबणं संपतं. एकच किडनी असणाऱ्याला किंवा दोन्ही बाजूंना खडे अडकलेल्याला तर मी सुरुवातीपासूनच ‘थांबा’ म्हणत नाही.

आणि ‘लगेच काढा’ म्हणणारे डॉक्टर चुकीचे आहेत असं समजू नका. व्हीयूजेपाशी असलेला खडा दुर्बिणीने काढणं हे आमच्या कामातलं सोपं काम आहे. खालून दुर्बीण घालतात, कुठेही कापावं लागत नाही, आणि दहातल्या नऊहून अधिक जणांचा खडा एकाच वेळी निघतो. त्याची किंमत म्हणजे भूल, आणि बरेचदा काही दिवस स्टेंट. हा स्टेंट आत असताना सारखी लघवीला लागते, कमरेत दुखतं. काही जणांना तो खड्यापेक्षा जास्त छळतो. तुम्ही विमान चालवत असाल, जहाजावर महिनाभर जाणार असाल, किंवा अचानक आलेली कळ परवडणारच नाही असं काही काम करत असाल, तर मीही थांबण्याऐवजी हाच सल्ला देईन. तसं काही नसेल तर तिघांतल्या दोघांना जी भूल लागणार नाही, ती आधीच कशाला द्यायची, हे माझं मत.

जाळीत खडा सापडला तर फेकू नका. कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. तो कशाचा बनलाय यावर कॅलिक्समधल्या 6 मिमीच्या खड्याचं काय करायचं ते ठरतं. युरिक अॅसिडचा निघाला तर लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने आतला खडा विरघळवता येईल. कॅल्शियमचा निघाला तर तो विरघळणार नाही, मग वर्षातून एकदा सोनोग्राफीत त्याचं माप पाहायचं आणि तो वाढू लागला किंवा जागचा हलला तरच त्याला हात लावायचा. खडा हातात आल्यानंतरही दोन-तीन आठवड्यांनी एक सोनोग्राफी उरतेच. डावी किडनी पूर्ववत झाली आहे असं त्या रिपोर्टात आलं, की या वेळची फाइल बंद करता येईल.